पार्सल भिवंडीतच का बसून राहतं?

गेल्या दिवाळीत मिक्सरचं भांडं मागवलं होतं. ट्रॅकिंगवर "Arrived at Hub, Bhiwandi" आलं आणि पुढचे आठ दिवस तीच ओळ. आई रोज विचारायची, आलं का रे, आणि मी रोज तोच स्क्रीन दाखवायचो.

मुळात ट्रॅकिंग म्हणजे जीपीएस नाही. कोणीतरी बारकोडवर स्कॅनर मारला की एक नोंद पडते, बस. त्यातही पार्सलं सहसा गोणीत भरून येतात, गोणीला सील आणि स्वतःचा बारकोड असतो, आणि सिस्टिममधे आतली सगळी पार्सलं तिला जोडलेली असतात. म्हणजे हबवर नुसती गोणी स्कॅन झाली तरी आतल्या सगळ्यांना "पोचलं" लागतं, गोणी उघडलेलीही नसते.

मग ती उघडायला आठ दिवस कशाला? इथे साधं गणित आहे. समजा हब दिवसाला 1 लाख पार्सलं वेगळी करू शकतो आणि एरवी येतात 90 हजार. सेलमधे पाच दिवस रोज 1 लाख 30 हजार आली तर रोज 30 हजार उरतात, पाच दिवसांत दीड लाखाचा ढीग. सेल संपला, पुन्हा 90 हजार यायला लागली, पण आता मोकळी जागा रोज फक्त 10 हजारांची, म्हणजे पाच दिवसांचा ढीग उपसायला 15 दिवस! म्हणून सेल संपून आठवडा झाला तरी हब तुंबलेलाच असतो.

आणि ढीग म्हणजे रांग नाही हो, बँकेसारखं टोकन नसतं. नव्या गाडीतल्या गोण्या आधीच्यांवर पडतात आणि माणूस हाताला येईल ती वरची गोणी उचलतो, म्हणून शेजाऱ्याचं नंतर मागवलेलं आधी येतं आणि आपलं तळाशी.

तिसरी भानगड लेबलची. मोठ्या हबात पार्सल पट्ट्यावरून कॅमेऱ्यांखालून जातं, बारकोड वाचला की ठरलेल्या शहराच्या घसरगुंडीत पडतं. टेप चकाकते, लेबल कोपऱ्यावर दुमडलेलं असतं, पावसात शाई पसरते, मग कॅमेऱ्याला वाचता येत नाही आणि पार्सल रिजेक्टच्या घसरगुंडीत. तिथे माणसाने नंबर हाताने टाकायचा, नवीन लेबल चिकटवायचं. गर्दीच्या दिवसांत हे काम सगळ्यात मागे पडतं कारण तेवढ्या वेळात पट्ट्यावरून शेकडो धड पार्सलं निघून जातात.

नवव्या दिवशी माझं हललं, अकराव्याला नाशिकला घरी आलं. खोक्यावर जुन्या लेबलवर नवं कोरं लेबल होतं, आणि खाली नखाने खरवडलं तर जुना बारकोड बरोब्बर मधे दुमडलेला.