कॅट, कट, कार्ट : इंग्रजीतले तीन स्वर

कॅट (मांजर), कट (कापणे) आणि कार्ट (गाडा) या तीन इंग्रजी शब्दांत मधला स्वर तेवढा बदलतो. ब्रिटिश प्रमाण उच्चारात कार्टमधला र उच्चारत नाहीत, त्यामुळे तिथे सगळी भिस्त स्वरावरच असते. इंग्रजी शिकणाऱ्या बऱ्याच लोकांच्या तोंडी हे तिन्ही स्वर एकच होतात, आणि पुष्कळदा कानालाही एकच वाटतात. मराठी वाचकाला याचे नवल वाटेल, कारण देवनागरीत ॲ, अ आणि आ अशी तिन्हींना वेगवेगळी चिन्हे आहेत. मात्र स्पॅनिश, ग्रीक किंवा जपानी भाषकाच्या मातृभाषेत पाचच मूलस्वर असतात आणि तोंड मोठे उघडून म्हणायचा स्वर त्यांत एकच असतो.

तिन्ही स्वरांत जबडा बऱ्यापैकी खाली येतो. फरक पडतो तो जिभेचा उंचवटा कुठे आहे यावर. कॅटला तो पुढे, दातांच्या बाजूला असतो, कटला मधोमध आणि कार्टला मागे. पीटरसन आणि बार्नी यांनी 1952 मध्ये अमेरिकी भाषकांच्या स्वरांची जी मोजमापे प्रसिद्ध केली, त्यांत हे आकड्यांत दिसते. मुखपोकळीत आवाजाच्या ज्या कंप्रता घुमून ठळक होतात त्यांना फॉर्मंट म्हणतात. ढोबळमानाने पहिला फॉर्मंट तोंड किती उघडले ते सांगतो आणि दुसरा जीभ किती पुढे आहे ते. पुरुषांच्या आवाजात कॅटच्या स्वराचे हे दोन आकडे सरासरी 660 आणि 1720 हर्ट्झ आले, कटच्या स्वराचे 640 आणि 1190. कार्टच्या सर्वांत जवळचा जो स्वर त्यांनी मोजला त्याचे आकडे 730 आणि 1090 होते. पहिला आकडा तिघांचा जवळपास सारखाच आहे. दुसऱ्या आकड्याने कॅट स्पष्ट वेगळा पडतो, पण कट आणि कार्ट यांच्यात जेमतेम 100 हर्ट्झचे अंतर राहते. ही जोडी वेगळी ओळखायला स्वराची लांबी फार उपयोगी पडते.

एकच उघडा स्वर असलेल्या भाषेत त्या स्वराचे घर ऐसपैस असते. जीभ थोडी पुढे गेली काय किंवा मागे गेली काय, अर्थ बदलत नाही, म्हणून कान तो फरक टिपायचे सोडून देतो. हे फार लवकर घडते. पॅट्रिशिया कूल आणि सहकाऱ्यांनी 1992 मध्ये दाखवले की सहा महिन्यांच्या बाळाचे कानही मातृभाषेच्या स्वरांकडे झुकलेले असतात. पुढे मोठेपणी इंग्रजी कानावर पडते तेव्हा तिन्ही स्वर त्या एकाच घरात जाऊन बसतात. शिकणारा निष्काळजी नसतो. त्याला फरक ऐकूच येत नाही, आणि न ऐकू येणारी गोष्ट तोंडाने नेमकी काढणे अवघड असते.

विलीनीकरण सगळीकडे सारखे मात्र होत नाही, आणि जपानीचे उदाहरण इथे पाहण्याजोगे आहे. जपानीत ऱ्हस्व-दीर्घ हा भेद पक्का आहे, म्हणून कार्ट वाचतो. तो ‘काऽतो’ होतो आणि कट ऱ्हस्व स्वराचा ‘कात्तो’. कॅटचे होते ‘क्यात्तो’. स्वराचा पुढेपणा जपानीत बसत नाही, म्हणून तो आधीच्या क वर य होऊन चढतो. आपल्याकडे बॅगेची ‘ब्याग’ आणि मॅचची ‘म्याच’ करणाऱ्यांनी हीच युक्ती वापरलेली असते. पण जपानीत ही सोय मुख्यतः क आणि ग यांच्यापुरतीच आहे. ट्रॅक आणि ट्रक हे दोन्ही शब्द जपानीत ‘तोराक्कु’ असेच लिहिले आणि बोलले जातात. स्पॅनिश भाषकाकडे ऱ्हस्व-दीर्घ भेदही नसतो. तो कार्टमधला र ठणठणीत उच्चारतो म्हणून तो शब्द तरतो, पण कॅट आणि कट एकमेकांत मिसळतात.

संदर्भामुळे बहुतेक वेळा निभावून जाते. अडते ते व्याकरणात. रॅन-रन, ड्रँक-ड्रंक, सँग-संग, बिगॅन-बिगन या जोड्यांत भूतकाळाचे रूप आणि कृदंत यांना वेगळे ठेवणारा हा एकच स्वर आहे. तो गेला की परक्या कानाला क्रियापदच चुकल्यासारखे वाटते. ब्रिटिश धर्तीचा ‘कान्ट’ (शकत नाही) आखूड म्हटला तर त्याची चक्क शिवी होते. वर्गात हे सांगायला शिक्षक कचरतात, पण शिकणाऱ्याला ते माहीत असलेले बरे.

शिकवताना ‘कट ऱ्हस्व, कार्ट दीर्घ’ एवढेच सांगून थांबणे ही सर्रास चूक आहे. इंग्रजीत ट, प, क यांसारख्या अघोष व्यंजनाआधी स्वर आखडतो आणि ड, ब, ग यांसारख्या घोष व्यंजनाआधी लांबतो. त्यामुळे कार्टमधला ‘दीर्घ’ स्वर बराच आखडतो, तर बॅडमधला नावापुरता ‘ऱ्हस्व’ स्वर चांगलाच रेंगाळतो. समजा, स्पॅनिश बोलणाऱ्या एका विद्यार्थ्याने बॅड (वाईट) हा शब्द असा लांब ऐकला आणि आपलाच उघडा स्वर ताणून म्हटला. ब्रिटिश कानाला तो बार्ड (भाट) ऐकू येईल. लांबी त्याने बरोबर पकडली, जीभ मात्र मधोमधच राहिली.

अशा विद्यार्थ्याची तपासणी दोन टप्प्यांत होते. आधी कान तपासायचा. वेगवेगळ्या व्यक्तींच्या आवाजात ‘कॅट, कॅट, कट’ असे तीन शब्द ऐकवून वेगळा कोणता ते विचारायचे. एकाच आवाजात ऐकवले तर तो इतर खुणांवरून उत्तर शोधतो, म्हणून आवाज बदलणे महत्त्वाचे. मग हॅट, हट, हार्ट हे शब्द त्याच्याकडून प्रत्येकी पाच-सहा वेळा म्हणवून ध्वनिमुद्रित करायचे आणि Praat या मोफत प्रोग्रॅममध्ये स्वराच्या मध्यावर दुसरा फॉर्मंट बघायचा. हॅट आणि हट यांचे आकडे एकमेकांत मिसळलेले असतील तर दोन्ही स्वर एकच झाले आहेत. हॅटचे आकडे सातत्याने वर असतील तर जीभ पुढे जायला शिकली आहे, मग उच्चार कानाला अजून ओबडधोबड का वाटेना.

जिभेला जागा दाखवायची तर ‘बेट’ (पैज) या शब्दापासून सुरुवात करावी. स्पॅनिश आणि जपानी या दोन्ही भाषांत ए आहे. जीभ तिथेच पुढे ठेवून फक्त जबडा खाली सोडला की ‘बॅट’ मिळतो. कटसाठी ओठ आणि जीभ सैल ठेवून स्वर तोडायचा. मराठी अ त्याच्या बराच जवळ आहे, पण इंग्रजी स्वराला तोंड थोडे अधिक उघडते.

स्पेलिंगची मदत अर्धीच होते, आणि त्याला इतिहास कारण आहे. कॅट आणि कार्ट यांचा स्वर मध्ययुगीन इंग्रजीत एकच होता. पुढे र च्या आधी तो लांबला आणि दक्षिण इंग्लंडात मागे सरकला. कटचा स्वर मात्र मुळात उ होता आणि सतराव्या शतकात दक्षिणेकडे तो पुट (ठेवणे) मधल्या स्वरापासून फुटून निघाला. उत्तर इंग्लंडात ही फूट पडलीच नाही. तिथे कट आजही ‘कुट’सारखा ऐकू येतो आणि कॅटशी त्याचा गोंधळ व्हायचे कारणच उरत नाही. ऑस्ट्रेलियात परिस्थिती उलटी आहे. तिथे कट आणि कार्ट म्हणताना जीभ जवळपास एकाच जागी असते आणि फरक राहतो तो लांबीचा. ऱ्हस्व-दीर्घाला सरावलेल्या जपानी विद्यार्थ्याला ही जोडी तिथे सोपी जाते, स्पॅनिश विद्यार्थ्याला मात्र तिथेही लांबी शून्यापासून शिकावी लागते.