फोटोत हरवलेलं उणे चिन्ह आणि दोन ट्रॉल्यांची टक्कर

नागपुरात बर्डीवरच्या एखाद्या क्लासचा झेरॉक्स सराव-पेपर, त्यातल्या एका गणिताचा मोबाइलवर काढलेला फोटो आणि खाली प्रश्न: ‘सर, उत्तर का जुळत नाही?’ अशा फोटोत आकडे बहुतेक वेळा नीट वाचता येतात. हरवते ती आकड्याआधीची बारीक आडवी रेघ. झेरॉक्समध्ये ती आधीच फिकट झालेली असते, त्यावर अंगठ्याची सावली पडली की ‘−2.5’ चं ‘2.5’ होतं. टकरीच्या गणितात ही रेघ गेली की गणित दुसरंच होतं.

असंच एक गणित घेऊ. गुळगुळीत सरळ पट्टीवर दोन ट्रॉल्या आहेत. ‘अ’चं वस्तुमान ०.४ किलो, वेग ५ मी./से. ‘ब’चं वस्तुमान ०.६ किलो, वेग −२.५ मी./से. टकरीनंतर ‘अ’चा वेग −२.५ मी./से. ‘ब’चा वेग काढा आणि टक्कर इलॅस्टिक आहे का, म्हणजे तिच्यात एकूण गतिज ऊर्जा कायम राहते का, ते सांगा.

आकडेमोडीआधी दिशा ठरवायची. झिरो माइलच्या दगडापाशी उभं राहून वर्ध्याकडे जाणारा वेग अधिक धरला, तर कामठीकडे जाणारा उणे. म्हणजे ‘अ’ वर्ध्याच्या दिशेनं येते आहे, ‘ब’ कामठीच्या दिशेनं, आणि टकरीनंतर ‘अ’ कामठीकडे परत फिरते. कागदावर दोन चौकोन आणि तीन बाण काढायला अर्धं मिनिट लागतं. बाण काढल्याशिवाय समीकरण लिहूच नये, असं आमचं ठाम मत आहे.

आता संवेग. ‘अ’चा ०.४ × ५ = २.०, ‘ब’चा ०.६ × (−२.५) = −१.५. बेरीज ०.५ किग्रॅ·मी./से. टकरीनंतरही ती एवढीच राहायला हवी. ‘अ’चा नवा संवेग ०.४ × (−२.५) = −१.०, म्हणून ‘ब’च्या वाट्याला १.५ येतो. त्याला ०.६ ने भागलं की २.५ मी./से. उत्तर अधिक आलं, म्हणजे ‘ब’सुद्धा उलट फिरून वर्ध्याकडे निघाली.

पट्टीवर थोडं घर्षण असतंच, मग संवेग कायम कसा धरायचा, ही शंका रास्त आहे. या टकरीत ‘अ’चा संवेग २.० वरून −१.० झाला, म्हणजे ३.० ने बदलला. टक्कर सेकंदाच्या पन्नासाव्या भागात आटोपली असं मानलं, तर ट्रॉल्यांनी एकमेकींवर सरासरी १५० न्यूटन बल लावलं. त्याच वेळात ०.१ न्यूटनचं घर्षण संवेगात फक्त ०.००२ चा फरक करतं. म्हणून टकरीच्या ऐन आधीचे आणि ऐन नंतरचे वेग घेतले, तर घर्षण विसरता येतं. दोन मीटर पुढे जाऊन मोजलेला वेग घेतला, तर मात्र ही सूट मिळत नाही.

आता फोटोतल्या चुकीकडे येऊ. ‘ब’च्या पहिल्या वेगाचं उणे दिसलंच नाही असं समजा. मग एकूण संवेग २.० + १.५ = ३.५ होतो आणि ‘ब’चा नंतरचा वेग ४.५ ÷ ०.६ = ७.५ मी./से. येतो. समीकरण अगदी बिनचूक सुटतं, उत्तरही साधं-सरळ दिसतं. चूक पकडायची तर गतिज ऊर्जा काढावी लागते. टकरीआधी ५.० आणि १.८७५, मिळून ६.८७५ जूल. नंतर ‘अ’ची १.२५ आणि ‘ब’ची १६.८७५, मिळून १८.१२५ जूल. आत दाबून ठेवलेली स्प्रिंग नाही, स्फोट नाही, तरी ऊर्जा अडीच पटीहून जास्त झाली. हे होऊच शकत नाही. इथं पेन खाली ठेवून मूळ कागद पुन्हा पाहावा.

पण प्रत्येक चूक ऊर्जेनं पकडली जात नाही, आणि हा भाग वर्गात फार कमी वेळा सांगितला जातो. आता दुसरं उणे हरवलं असं धरा: ‘अ’चा नंतरचा वेग +२.५ वाचला. मग ‘ब’चा वेग (०.५ − १.०) ÷ ०.६ = −०.८३ मी./से. येतो. नंतरची ऊर्जा भरते सुमारे १.४६ जूल. ती ६.८७५ पेक्षा कमीच आहे, म्हणून विद्यार्थी ‘टक्कर इनइलॅस्टिक’ लिहून मोकळा होतो. चित्र काढून पाहा. ‘अ’ वर्ध्याच्या बाजूला पुढे चालली आहे, ‘ब’ कामठीच्या बाजूला, आणि ‘ब’ तर ‘अ’च्या पुढे उभी होती. म्हणजे दोघी एकमेकींच्या आरपार गेल्या! टकरीनंतर मागच्या ट्रॉलीचा वेग पुढच्या ट्रॉलीपेक्षा जास्त असूच शकत नाही. फार तर दोघी चिकटतील आणि वेग सारखे होतील.

या दोन्ही चुका एकाच भागाकारात उघड होतात:

e = (v2 − v1) / (u1 − u2)

वर दूर जाण्याचा वेग, खाली जवळ येण्याचा वेग. u टकरीआधीचे, v नंतरचे. १ म्हणजे ‘अ’, २ म्हणजे ‘ब’. अकरावीच्या पुस्तकात याला कोइफिशंट ऑफ रेस्टिट्यूशन म्हणतात. साध्या टकरीत हा आकडा ० ते १ च्या मध्येच असतो. ० म्हणजे दोघी चिकटल्या, १ म्हणजे टक्कर पूर्ण इलॅस्टिक. पहिल्या चुकीत e येतो १० ÷ २.५ = ४. दुसऱ्या चुकीत −३.३३ ÷ ७.५, म्हणजे −०.४४. दोन्ही आकडे मर्यादेबाहेर. बरोबर वाचलेल्या गणितात मात्र ५ ÷ ७.५ = ०.६७, म्हणजे टक्कर इनइलॅस्टिक. ऊर्जेचा हिशेबही तेच सांगतो: नंतरची ऊर्जा १.२५ + १.८७५ = ३.१२५ जूल, म्हणजे ३.७५ जूल आवाजात, उष्णतेत आणि बंपरच्या दबण्यात गेले.

दोन्ही ट्रॉल्या उलट फिरल्या म्हणून टक्कर इलॅस्टिक, हा समज इथंच खोटा ठरतो. खरोखर इलॅस्टिक असती, तर ‘अ’ ४ मी./से. वेगानं मागे आली असती आणि ‘ब’ ३.५ नं पुढे गेली असती. इलॅस्टिक टकरीची तयार सूत्रं याच गणितात घातली तर हीच उत्तरं मिळतात, आणि ती दिलेल्या −२.५ शी जुळत नाहीत. प्रश्नात ‘इलॅस्टिक’ लिहिलेलं नसेल, तर ती सूत्रं वापरायचीच नाहीत.

आकडे गोल केलेले असतील तर e अगदी १ येणार नाही. ०.९९ आला म्हणून घाईनं इनइलॅस्टिक लिहू नका. वेग दोनच अंकांत दिलेला असेल, तर एवढा फरक गोल करण्यातूनही येतो. ऊर्जेत वेगाचा वर्ग असल्यामुळे वेगातली एक टक्का चूक तिथं दोन टक्के होते. हेही e आधी काढण्याचं एक कारण.

दुसरं कारण जास्त खोल आहे. वर्धा रोडवरून १० मी./से. वेगानं वर्ध्याच्या दिशेनं जाणाऱ्या मेट्रोतून कुणी हीच टक्कर पाहिली असं समजा. त्याच्यासाठी प्रत्येक वेगातून १० वजा होतात. त्याच्या हिशेबानं आधीची ऊर्जा ५१.८७५ जूल, नंतरची ४८.१२५. गेलेली ऊर्जा तीच, ३.७५ जूल, पण जमिनीवरच्या माणसाला ती सुमारे ५५ टक्के वाटते आणि मेट्रोतल्याला जेमतेम ७ टक्के. e मात्र दोघांचाही ०.६७ च येतो, कारण त्यात वेगांचे फक्त फरक आहेत आणि वजा केलेले १० त्या फरकांत उरतच नाहीत.