खेळाचा तास आणि आदल्या रात्रीचा व्हिडिओ

वर्गात शिकवायचा भाग मुलांनी घरी व्हिडिओवर पाहून यायचा आणि शाळेतला वेळ प्रत्यक्ष कामाला द्यायचा, ही ‘फ्लिप्ड लर्निंग’ची कल्पना गणित-विज्ञानाच्या शिक्षकांमुळे जगभर पोचली. शारीरिक शिक्षणात ती आली तेव्हा अनेकांना ती रसायनशास्त्राच्या वर्गातून उसनी आणल्यासारखी वाटली. पण मैदानावर तिची गरज का भासली याचं उत्तर व्हिडिओच्या कितीतरी आधीचं आहे. ते मिळतं स्टॉपवॉच घेऊन मैदानाच्या कडेला बसलेल्या संशोधकांच्या वह्यांत.

१९७० च्या दशकात कॅलिफोर्नियात प्राथमिक शाळांचा मोठा अभ्यास झाला. वाचन आणि गणिताच्या तासाला मूल किती मिनिटं खरोखर शिकत असतं, हे त्यात मोजलं गेलं. वेळापत्रकातला वेळ वेगळा आणि मुलाच्या वाट्याला आलेला शिकण्याचा वेळ वेगळा, हा त्यातला मुद्दा होता. ओहायो स्टेट विद्यापीठात डॅरिल सीडेंटॉप आणि त्यांच्या विद्यार्थ्यांनी तो मैदानावर आणला. त्यांच्या पद्धतीत मूल नुसतं हलतंय एवढ्यावर वेळ जमा होत नव्हता. हालचाल त्याला जमेल अशा पातळीची हवी आणि ती त्याला जमतही असायला हवी, तरच ती मिनिटं धरायची. अशी मोजणी सुरू झाल्यावर तासाचा बराच भाग हजेरीत, रांगेत, साहित्य वाटण्यात आणि सरांचं ऐकण्यात जातो, हे आकड्यांत दिसू लागलं.

१९९१ मध्ये थॉम मॅकेन्झी, जेम्स सॅलिस आणि फिलिप नेडर यांनी ‘सोफिट’ ही निरीक्षणपद्धत प्रसिद्ध केली. ती इतकी सोपी आहे की आजही कुठल्याही शाळेत वापरता येते. निरीक्षक एका मुलाकडे दहा सेकंद पाहतो आणि पुढची दहा सेकंद नोंद करतो: आडवं, बसलेलं, उभं, चालणारं की त्याहून जोरात हालणारं. त्याच वेळी तासात काय चाललंय, म्हणजे व्यवस्था लावणं, माहिती सांगणं, व्यायाम, कौशल्याचा सराव की खेळ, हेही टिपतो. त्याच सुमारास अमेरिकेच्या राष्ट्रीय आरोग्य उद्दिष्टांत शारीरिक शिक्षणाच्या तासाचा किमान ५० टक्के वेळ मुलं हालचालीत असावीत, असं लिहिलं गेलं. तो अर्धा वेळ गाठणं किती अवघड आहे, हे पुढच्या वर्षांत कळत गेलं. स्टुअर्ट फेअरक्लॉ आणि गॅरेथ स्ट्रॅटन यांनी २००५ मध्ये माध्यमिक शाळांवरच्या अभ्यासांचा आढावा घेतला. त्यात मध्यम ते जोरदार हालचालीचा वाटा तासाच्या २७ ते ४७ टक्के निघाला.

म्हणजे शारीरिक शिक्षणाची अडचण आधी मोजली गेली होती. उपाय दुसरीकडे तयार होत होता. १९९० च्या दशकाच्या सुरुवातीला हार्वर्डमध्ये एरिक मझूर यांनी भौतिकशास्त्राचं वाचन घरी आणि चर्चा वर्गात, अशी मांडणी केली. २००० साली ओहायोतल्या मायामी विद्यापीठातल्या तीन अर्थशास्त्रज्ञांनी ‘उलटवलेल्या वर्गा’वर लेख लिहिला. त्यांचे विद्यार्थी व्याख्यानं व्हिडिओ टेपवर पाहत. शाळांपर्यंत ही पद्धत पोचली ती कोलोरॅडोतल्या वुडलँड पार्क हायस्कूलमुळे. २००७ मध्ये तिथले रसायनशास्त्राचे शिक्षक जोनाथन बर्गमन आणि एरन सॅम्स यांनी आपले तास रेकॉर्ड करायला सुरुवात केली. आसपासच्या शाळा लांब असल्याने मुलं बाहेरगावच्या सामन्यांसाठी दुपारीच बसने निघत आणि शेवटचे तास बुडत. त्या खेळाडू मुलांसाठी केलेली रेकॉर्डिंग हजर असलेली मुलंही पाहू लागली, आणि मग दोघांनी संपूर्ण वर्गच तसा चालवला. ज्या व्हिडिओंनी पुढे खेळाच्या तासाला वेळ मिळवून दिला, त्यांचा जन्म खेळापायी बुडणाऱ्या तासांतून झाला होता, हा योगायोग मला फार अर्थपूर्ण वाटतो.

खेळाची कौशल्यं फिल्मवर दाखवणं त्याआधीही होतं. १९६० च्या दशकात अमेरिकेतल्या शाळांत बंद डब्यातल्या ८ मिलिमीटर फिल्मच्या छोट्या पट्ट्या मिळत. प्रोजेक्टरवर तीच हालचाल पुन्हा पुन्हा दिसत राही. पण प्रोजेक्टर शाळेत असल्याने फिल्म पाहण्याचा वेळ तासातूनच जाई. ती बघण्याची वेळ तासाबाहेर नेता आली ती यूट्यूब आणि मोबाइल आल्यावर.

शारीरिक शिक्षणासाठी ही पद्धत नीट तपासली गेली ती मुख्यतः युरोपात. नॉर्वेतल्या ट्रॉन्डहाइमच्या विद्यापीठातले ओवे ऑस्टरली २०१६ च्या सुमारापासून यावर लिहीत आहेत. व्हिडिओमुळे ज्ञानात भर पडते का आणि मुलांच्या आतून येणाऱ्या ओढीवर काय परिणाम होतो, असे त्यांचे प्रश्न होते. २०२० मध्ये इंगार मेहुस यांच्यासोबत त्यांनी नॉर्वेच्या माध्यमिक शाळांतला अभ्यास प्रसिद्ध केला. स्पेनमध्ये आलिकान्ते विद्यापीठाशी संबंधित गटाने २०२१ मध्ये शिकणं आणि प्रेरणा यांच्या जोडीला प्रत्यक्ष सरावाचा वेळही मोजला. सीडेंटॉप यांच्या काळातलं स्टॉपवॉच इथे पुन्हा हातात आलं, आणि माझ्या मते या पद्धतीची खरी परीक्षा तीच आहे.

आपल्याकडे यातला तांत्रिक भाग तयार आहे. २०१७ मध्ये शालेय व्हिडिओ आणि धडे पुरवणारं ‘दीक्षा’ हे सरकारी पोर्टल सुरू झालं आणि बालभारतीच्या पुस्तकांवर क्यूआर कोड आले. २०२० च्या टाळेबंदीत पी.टी.चे शिक्षक व्हॉट्सअ‍ॅपवर सूर्यनमस्काराचे आणि घरच्या घरी करायच्या व्यायामांचे व्हिडिओ पाठवत होते. त्याला मात्र फ्लिप्ड लर्निंग म्हणता येत नाही. तिथे व्हिडिओ तासाच्या जागी आला होता. या पद्धतीत व्हिडिओ तासाच्या आधी येतो, आणि त्याने मोकळी केलेली मिनिटं मैदानावर कशी खर्च होतात यावर सगळं ठरतं.

यासाठी सहावीचा खो-खोचा पहिला तास घेऊ. समजा तासिका ३५ मिनिटांची आहे आणि मुलं ४४. मैदानावर येऊन रांगा लागून हजेरी होईपर्यंत ६ मिनिटं जातात. नियम सांगून दाखवण्यात ९ मिनिटं जातात, कारण खो-खोचे नियम ऐकून डोक्यात बसत नाहीत: आळीपाळीने विरुद्ध दिशांना तोंड करून बसणं, मागून स्पर्श करून स्पष्ट ‘खो’ म्हणणं, खो मिळण्याआधी न उठणं, मधली रेषा न ओलांडणं, एकदा दिशा घेतली की खांबापर्यंत मागे न फिरणं. परत जायला ३ मिनिटं धरली तर उरतात १७.

आता तीन मिनिटांच्या व्हिडिओने नियम आधीच दाखवले, तर मैदानावर शंकांसाठी २ मिनिटं पुरतात. ७ मिनिटं वाचली. पण त्या ७ मिनिटांत नेहमीसारखा एकच डाव लावला तर काय होतं? आठ जण पाटीवर बसलेले, एक पाठलाग करणारा आणि तीन पळणारे. ४४ मुलांपैकी एका वेळी हालतात चार. व्हिडिओने ऐकण्याचा वेळ वाचवला आणि तो बघत बसण्यात गेला. ही पद्धत बऱ्याच ठिकाणी इथेच फसते, आणि शिक्षकाला ते लक्षात येत नाही, कारण डाव रंगलेला असतो.

म्हणून व्हिडिओबरोबर तासाची मांडणीही बदलावी लागते. फक्कीने सहा छोटी मैदानं आखायची आणि खांबांच्या जागी कोन किंवा विटा ठेवायच्या. प्रत्येक मैदानावर सात मुलं: चार बसलेली, एक पाठलाग करणारा, दोन पळणारे. ४२ मुलं खेळात, उरलेली दोघं पंच, आणि दर दोन मिनिटांनी शिट्टीवर जागा बदलायच्या. आता एका वेळी १८ मुलं पळत असतात, आणि बसलेल्याला खो फार लवकर येतो. सहा गटांपुढे नियम सांगत फिरणं एका शिक्षकाला शक्य नाही. मुलं नियम पाहून आली असतील तरच ही मांडणी चालते. व्हिडिओची मोठी कमाई ही आहे, सात मिनिटं त्यामानाने किरकोळ.

व्हिडिओत काय असावं, हेही यावरून ठरतं. राष्ट्रीय स्पर्धेतला डाव दाखवला तर मुलं खूश होतात, पण वेगामुळे पाय कुठे वळला हे दिसत नाही. सातवी-आठवीच्या मुलांनी सावकाश केलेली हालचाल, खांबामागून घेतलेलं दृश्य आणि खो देताना हाताच्या जागेवर क्षणभर थांबलेलं चित्र उपयोगी पडतं. त्यात एक चूकही दाखवावी, म्हणजे दिशा घेऊन मागे फिरलेला खेळाडू, आणि ‘इथे काय चुकलं?’ असा एकच प्रश्न ठेवावा. मुलांचे चेहरे दिसणार असतील तर पालकांची संमती आधी घ्यावी. व्हिडिओने नियम, क्रम आणि जागा कळतात. खांबावर झेप घेण्याची नेमकी वेळ शरीरालाच शिकावी लागते, आणि तिथे शेजारी उभ्या शिक्षकाचं ‘आता!’ हेच कामी येतं.

बऱ्याच घरांत मोबाइल एकच असतो आणि तो वडिलांबरोबर रात्री घरी येतो. म्हणून व्हिडिओ दोन-तीन दिवस आधी पाठवावा, फाइल लहान ठेवावी, आणि वर्गशिक्षकांना सांगून सकाळी शाळेतही एकदा दाखवावा. तरीही काही जण न पाहता येतील. शिट्टीनंतर कोण कुठे तोंड करून बसतो यावरून पहिल्या मिनिटात ते कळतं. अशा वेळी सगळ्यांना थांबवून नियम पुन्हा सांगण्याचा मोह आवरायला हवा. एकदा सांगितलं की पाहून आलेली मुलंही पुढच्या वेळी पाहून येत नाहीत. न पाहिलेल्याला पाहिलेल्याच्या शेजारी बसवलं, तर दोन खोंमध्ये तो शिकतो.

आणि हे सगळं जमतंय का, ते सोफिटसारख्या नोंदीने तपासता येतं. आजारपणामुळे बाजूला बसलेल्या एखाद्या मुलाला घड्याळ आणि वही द्यावी. चार मुलं आधी निवडावीत, दर चार मिनिटांनी पुढच्या मुलाकडे वळावं, आणि दर वीस सेकंदांनी एक खूण करावी: बसलंय, उभं आहे, चालतंय की पळतंय. ३५ मिनिटांत १०५ खुणा होतात. एक तास जुन्या पद्धतीचा आणि एक व्हिडिओनंतरचा असा मोजावा. चालण्या-पळण्याच्या खुणा ५३ किंवा त्याहून जास्त झाल्या, तर १९९० च्या सुमारास ठरलेलं अर्ध्या वेळाचं उद्दिष्ट त्या मैदानावर गाठलं गेलं. कमी राहिल्या, तर ‘उभं’ आणि ‘बसलंय’च्या खुणा तासाच्या कुठल्या भागात दाटल्यात ते पाहावं. सुरुवातीला दाटल्या असतील तर हजेरी आणि रांगा आवरायला हव्यात, मधे दाटल्या असतील तर गट अजून लहान करायला हवेत.