गुळाने नाही, तेलाच्या बाटलीने चरबी मोजा

माझा भाचा गोकुळ शिरगावच्या एमआयडीसीत नोकरीला आहे आणि राजारामपुरीत भाड्याच्या फ्लॅटमध्ये एकटाच राहतो. पोट कमी करायचं म्हणून त्याने भात सोडला आणि साखरेच्या जागी गूळ आणला. तीन महिने झाले तरी काटा हलला नाही. कोल्हापुरात राहून गुळाबद्दल वाईट बोलवत नाही, पण 100 ग्रॅम साखरेत साधारण 400 कॅलरी असतात आणि तेवढ्याच गुळात 380 च्या आसपास. ‘गुळाने चरबी वितळते’ असं सांगणाऱ्या व्हिडिओंना कसलाही आधार नाही. त्याच्या किराणा यादीत खरा घोळ एकाच ओळीत होता: महिन्याला दीड लिटर तेल, एकट्या माणसाला.

दीड लिटर तेलाचं वजन भरतं सुमारे 1,360 ग्रॅम. एका ग्रॅमला 9 कॅलरी धरल्या तर रोजच्या चारशेच्या वर कॅलरी नुसत्या तेलातून येतात. त्या पोटाला जाणवत नाहीत, आणि मेख इथेच आहे. जठर भरत गेलं की त्याच्या भिंती ताणल्या जातात, तिथल्या मज्जातंतूंची टोकं मेंदूला निरोप देतात आणि आपला हात थांबतो. हा ताण येतो तो अन्नाच्या आकारमानामुळे, आणि शिजलेल्या उसळीचं निम्म्याहून जास्त आकारमान पाण्याचंच असतं. वाटीभर उसळीत चार चमचे तेल जास्त पडलं तरी वाटी तेवढीच दिसते, पण कॅलरी मात्र जवळपास दुप्पट होतात. तेलामुळे जठर सावकाश रिकामं होतं हेही खरं, पण वाढलेल्या कॅलरींची भरपाई होईल इतकं नाही.

म्हणून आठवड्याची यादी तेलापासून सुरू करायची. एका छोट्या बाटलीत 150 मिली तेल मोजून भरायचं, आणि आठवडाभर तेवढंच. रोजच्या साधारण 175 कॅलरी होतात. बाटली गुरुवारीच संपली, तर कुठे हात सैल सुटला ते लगेच कळतं. बाकीची यादी साधी आहे: सव्वा किलो ज्वारीचं पीठ, अर्धा किलो मटकी, पाव किलो तूरडाळ, डझनभर अंडी, दही, कांदे-टोमॅटो, आणि कोबी, दोडका, गवार, मेथी मिळून तीन-चार किलो भाजी. शेंगदाणे 100 ग्रॅमच आणायचे, कारण कुटाचा हातही तेलासारखाच सुटतो.

आता कोल्हापूरकराचा रास्त प्रश्न: तर्रीशिवाय उसळ कसली? चटणीतला लाल रंग पाण्यात विरघळत नाही, तेलात विरघळतो. तेल पाण्यापेक्षा हलकं म्हणून तो रंग घेऊन वर तरंगतं, तीच तर्री. पण रंग उतरायला पळीभर तेल लागत नाही. मोड आलेली पाव किलो मटकी घ्या (वजन भिजवण्याआधीचं). तीन चहाचे चमचे तेल तापवा, मोहरी-कांदा परता, गॅस बारीक करा, कांदा-लसूण चटणी घाला आणि लगेच चमचाभर पाणी शिंपडा, म्हणजे ती करपत नाही. कडेने लाल तेल सुटलं की मटकी आणि गरम पाणी घालून शिजवा. याचे चार वाटे होतात. प्रत्येक वाट्यात तेलाच्या तीसेक कॅलरी येतात आणि मटकीतून सुमारे 14 ग्रॅम प्रथिनं मिळतात. चटणीतल्या खोबऱ्या-तिळाचं तेल वेगळं, ते विसरू नका. डबा फ्रिजमध्ये गार झाल्यावर वर जाड लाल थर दिसला, तर तेल जास्त पडलंय.

सगळी मटकी रविवारी शिजवायची नाही. निम्मी रविवारी आणि निम्मी बुधवारी, कारण शिजलेली उसळ फ्रिजमध्ये तीन दिवसच ठेवावी. वरणाचंही तसंच. पसरट डब्यांत एकेक वाटा भरा, म्हणजे लवकर निवतो, आणि दोन तासांच्या आत फ्रिजमध्ये ठेवा. खायचा तेवढाच डबा बाहेर काढून उकळी येईपर्यंत गरम करा. भात मात्र रोज ताजा लावा, मूठभरच लावा, पण सोडायची गरज नाही. तांदळातल्या एका जिवाणूचे बीजाणू उकळूनही मरत नाहीत. भात तासन्‌तास बाहेर राहिला तर ते वाढून विष तयार करतात, आणि ते पुन्हा गरम केल्यानेही जात नाही. वासावरून तर ते कळतही नाही.

यादीतल्या एवढ्या बदलाने रोजच्या सव्वादोनशे-अडीचशे कॅलरी कमी होतात. किलोभर चरबीत सुमारे 7,700 कॅलरी असतात, म्हणजे सुरुवातीला आठवड्याला 200 ग्रॅमच्या आसपास उतार. वजन घटतं तसा शरीराचा खर्चही घटतो, त्यामुळे पुढे वेग मंदावतो. रविवारी तांबडा-पांढरा झाला आणि सोमवारी काटा किलोभर वर गेला, तर ते बहुतेक मिठाने धरून ठेवलेलं पाणी आणि पोटातलं अन्न असतं. म्हणून रोज सकाळी वजन करून सात दिवसांची सरासरी काढायची आणि ती मागच्या आठवड्याच्या सरासरीशी ताडून पाहायची.