c5 खेळणं वेगळं, d4 वर मारणं वेगळं

फ्रेंच डिफेन्स खेळणारा प्रत्येक जण पहिल्या महिन्यातच शिकतो की प्याद्यांची साखळी पायावर फोडायची. पांढऱ्याची प्यादी d4 आणि e5 वर आहेत, e5 ला d4 धरून आहे, म्हणून घाव d4 वर घालायचा. इथवर सगळ्यांना कळतं. पण मग काळा c5 खेळतो आणि पुढच्याच खेळीला d4 वर मारून मोकळा होतो. विचारलं तर उत्तर येतं, "पायावर हल्ला केला ना!" असे डाव मी इतके पाहिले आहेत की एकदा सविस्तर लिहायलाच हवं. हल्ला c5 ने केला. मारण्याने तो बहुतेक वेळा संपतो.

किरकोळ गोष्टी आधी उरकून घेऊ. c3 खेळल्यावर "खरा पाया आता b2 झाला" असा वाद घालणारे भेटतात. व्याख्येने त्यांचं बरोबर असेल, पण b2 पर्यंत काळ्याचं प्यादं पोचत नाही, म्हणून कामाचा पाया d4 च. f6 हा साखळीच्या डोक्यावरचा घाव. त्यालाही जागा आहे, पण c5 नंतर. आणि c5 खेळायच्या आधी घोडा c6 वर ठेवू नका. तो आपल्याच प्याद्याच्या वाटेत उभा राहतो, आणि ब्रेकची तयारी करतोय असं वाटत असताना ब्रेकच बंद होतो. आधी प्यादं, मग त्याच्या मागे घोडा.

आता मुख्य मुद्दा. पांढरा तिसऱ्या खेळीला e5 खेळतो त्या अॅडव्हान्स प्रकारातली ही नेहमीची मांडणी घ्या:

```
1.e4 e6 2.d4 d5 3.e5 c5 4.c3 Nc6 5.Nf3 Qb6
```

c5 आणि d4 ही प्यादी एकमेकांना भिडली आहेत, कोणीच मारलेलं नाही. या ताणाचा भार पांढऱ्यावर आहे. b1 वरच्या घोड्याची हक्काची जागा c3, आणि तिथे त्याचंच प्यादं बसलंय. घोड्याला d4 च्या मदतीला यायचं तर a3 वरून c2 वर, असा आडवाटेने प्रवास करावा लागतो. उंट c1 वरून हलला की b2 उघडं पडतं, कारण वजीर b6 वरून ते पाहतोय. काळ्याला मात्र घाई नाही. दुसरा घोडा e7 मार्गे f5 वर आला की d4 वर वजीर आणि दोन घोडे अशा तिघांचा दाब होतो, शिवाय प्यादं आहेच.

आता पाचव्या खेळीला वजिराऐवजी प्याद्याने d4 वर मारा. पांढरा c3 च्या प्याद्याने परत मारतो आणि c3 घर मोकळं होतं. दोन खेळ्यांत कसाबसा पोचणारा घोडा आता एका खेळीत चांगल्या घरी येतो. तिथून तो d4 राखत नाही हे खरं. पण तो d5 वर दाब देतो, आणि वजीर b6 वर आलाच तर a4 वर उडी मारून त्याला हुसकावतो. d4 वर प्यादं आधी होतं, आताही आहे. काळ्याने फक्त आपलं हत्यार खर्च केलं आणि पांढऱ्याचा सगळ्यात अडलेला मोहरा सोडवून दिला.

हेच मारणं दुसऱ्या ठिकाणी अगदी योग्य असतं. टॅराश प्रकारात पांढरा तिसऱ्या खेळीलाच तो घोडा d2 वर ठेवतो. तिथे d4 वर मारून c3 घर मोकळं केलं तरी त्या घोड्याला काही फायदा नाही, तो आधीच दुसरीकडे बसलाय. म्हणून तिथे c5, मग d4 वर अदलाबदल, मग f6 असा क्रम सर्रास चालतो. बरेच जण तो क्रम तिथे पाठ करतात आणि अॅडव्हान्समध्ये तसाच आणतात. गोंधळाचं मूळ मला इथेच दिसतं.

मग अॅडव्हान्समध्ये मारायचं कधी? पायाचं रक्षण प्रत्यक्षात तुटलेलं असेल तेव्हा. वरच्या मांडणीत पांढरा सहाव्या खेळीला उंट d3 वर आणतो असं समजा. दिसायला छान खेळी आहे, पण उंट वजिराच्या आणि d4 च्या मधे उभा राहिला. प्याद्यांची अदलाबदल झाली की d4 वर काळ्याचे दोन मोहरे, घोडा आणि वजीर, आणि राखायला पांढऱ्याचा एकटा f3 वरचा घोडा. आता मारा. पण d4 लगेच खाऊ नका:

```
6.Bd3 cxd4 7.cxd4 Nxd4?? 8.Nxd4 Qxd4 9.Bb5+
```

उंट शह देत बाजूला होतो, d ची फाइल उघडते आणि काळ्याचा वजीर जातो. म्हणून सातवी खेळी Bd7. आता b5 वर उंट आला तरी शह लागत नाही, काळा आधी वजिराने वजीर मारतो. पुढच्या खेळीला d4 खरंच पडणार असतं. पांढऱ्यापुढे दोनच वाटा राहतात: उंट मागे e2 वर नेऊन एक खेळी वाया घालवायची, किंवा किल्लेबंदी करून प्यादं सोडून द्यायचं आणि त्या बदल्यात वेगाने मोहरे बाहेर काढायचे. दुसरी वाट म्हणजे मिल्नर-बॅरी गॅम्बिट. तो धोकादायक आहे, पण काळ्याच्या हातात प्यादं आहे. c3 घर इथेही मोकळं झालं, फक्त त्याची किंमत वसूल झाली.

ताण धरून ठेवा असं मी सांगतो, पण तो डोळे झाकून धरायचा नाही. पांढरासुद्धा c5 वर मारू शकतो. एरवी काळ्याने याचं स्वागत करावं: त्याचा उंट फुकटात c5 वर येतो, f2 कडे पाहतो, आणि e5 चा आधार गेलेला असतो. पण 1911 च्या कार्ल्सबाड स्पर्धेत निम्झोविचविरुद्ध साल्वेने याच मांडणीत क्रम उलटा केला:

```
6.Bd3 Bd7 7.dxc5 Bxc5 8.O-O f6
```

आधी Bd7, मारणं नंतर. त्या एका खेळीच्या अवकाशात निम्झोविचने पाया स्वतःच सोडून दिला, कारण d4 राखायचं ओझं त्याला नकोच होतं. साल्वेने मग f6 खेळून डोक्यावर घाव घातला, b4 ने त्याचा उंट मागे गेला आणि e5 वर अदलाबदल झाली. साखळीतलं एकही प्यादं उरलं नाही. पण रिकाम्या झालेल्या d4 वर पांढऱ्याचा उंट बसला, e5 वर घोडा, आणि काळ्याची d5 व e6 ची प्यादी जागच्या जागी अडकली. त्यांना हलवायला काळ्याकडे ब्रेकसाठी c चं प्यादंही नव्हतं आणि f चंही. तो डाव निम्झोविचने जिंकला.