रेग्युलेशन काढताना A ने भागायचं की नाही?

"व्होल्टेज रेग्युलेशन म्हणजे Vs वजा Vr, भागिले Vr. लाइन कोणतीही असो, हेच सूत्र."

नागपुरात इंजिनिअरिंगच्या ग्रुपवर परीक्षेच्या तोंडावर ही ओळ हमखास फिरते. शॉर्ट लाइनसाठी ती बरोबरच आहे, म्हणून तर ती इतकी पटते. मीडियम लाइनला मात्र ती लागू पडत नाही.

रेग्युलेशनमध्ये Vs स्थिर ठेवून लोड काढल्यावर रिसीव्हिंग टोकाचं व्होल्टेज किती वाढतं, ते पाहायचं असतं. `Vs = A·Vr + B·Ir` मध्ये Ir शून्य ठेवा. उरतं Vs/A. नॉमिनल पायमध्ये `A = 1 + ZY/2`, `B = Z`. लोड गेला तरी रिसीव्हिंग टोकाचा अर्धा कपॅसिटर Z मधून चार्जिंग करंट ओढतच राहतो, म्हणून तिथलं व्होल्टेज Vs पेक्षाही वर चढतं. शॉर्ट लाइनमध्ये Y सोडून देतो, A एक होतो, आणि फरक दिसत नाही.

आता 132 केव्हीची 150 किमी लाइन घ्या: Z = 15 + j75 ओहम, Y = j0.00045 सीमेन्स. |A| येतो 0.983. लोड 40 मेगावॅट, 0.8 लॅगिंग, Vs साधारण 152.6 केव्ही. थेट वजाबाकीने रेग्युलेशन 15.6 टक्के. पण नो-लोड व्होल्टेज 152.6/0.983, म्हणजे सुमारे 155.3 केव्ही, आणि खरं उत्तर 17.6 टक्के.

`AD − BC = 1` ही पडताळणी जरूर करा, पण ती फक्त कॉन्स्टंट तपासते. ही चूक तिच्यात सापडत नाही. त्यासाठी Ir शून्य ठेवूनच पाहावं लागतं.