२५ टक्के सोडले म्हणजे २५ टक्के व्याज नव्हे

लिलावाच्या भिशीत कुणी एक लाखातले २५,००० सोडून पैसे उचलले, की लगेच म्हटलं जातं, 'पंचवीस टक्के व्याज पडलं.' नोंदणीकृत चिट फंडात वर्षानुवर्षं पैसे भरणारेही हेच म्हणतात. पण बोलीचे टक्के चिटच्या रकमेवर असतात आणि त्यांत वेळेचा हिशेबच नसतो. व्याजदर मात्र वेळेवाचून ठरतच नाही.

हप्ता, फोरमन, डिव्हिडंड तुम्हाला ठाऊक आहेच. एक लाखाची, २० जणांची, २० महिन्यांची चिट घ्या. हप्ता ५,००० आणि कमिशन ५ टक्के. (२०१९ च्या कायदा-दुरुस्तीनुसार कमिशन ७ टक्क्यांपर्यंत घेता येतं, म्हणून करारातला आकडा आधी वाचा.) पाचव्या महिन्यात २५,००० सोडून तुम्ही ७५,००० उचलले.

हे पैसे किती महाग पडले? आज उचला किंवा शेवटी घ्या, पुढचे हप्ते आणि डिव्हिडंड जवळपास तेच राहतात. म्हणून ते बाजूला ठेवा. फरक फक्त इतकाच: आज ७५,०००, की पंधरा महिन्यांनी कमिशन वजा जाऊन ९५,०००.

```
=(95000/75000)^(12/15)-1
```

उत्तर येतं वर्षाला सुमारे २०.८ टक्के. सोनेतारण किंवा पतसंस्थेच्या कर्जाशी तुलना करायची ती या आकड्याची. आता तेच २५,००० पंधराव्या महिन्यात सोडले तर? उरतात पाच महिने. सूत्रातल्या १५ च्या जागी ५ घाला, दर ७६ टक्क्यांवर जातो. बोली तीच, टक्केही तेच. म्हणून उशिरा येणाऱ्या गरजेसाठी मोठी बोली लावू नये, असं माझं ठाम मत आहे.

शेवटपर्यंत थांबणाऱ्याचा हिशेब वेगळा. समजा पहिल्या महिन्यात डिव्हिडंड नाही, मग चार महिने १,०००, पाच महिने ८००, पाच महिने ५००, चार महिने २०० आणि शेवटी शून्य. त्याने एकूण ८८,७०० भरले, मिळाले ९५,०००. नफा ६,३००, म्हणजे 'वीस महिन्यांत ७ टक्के' म्हणून नाक मुरडतात. पण सगळे पैसे वीस महिने अडकलेले नव्हते, हप्ते हळूहळू गेले. महिनावार रकमा मांडून IRR, म्हणजे वेळ धरून पडलेला परताव्याचा दर, काढला आणि तो चक्रवाढीने वर्षाचा केला तर सुमारे ९.२ टक्के पडतात.

मधेच उचलणाऱ्याच्या पूर्ण वहीवर मात्र IRR लावू नका. आधी पैसे जातात, मग येतात, मग पुन्हा जातात, आणि अशा मांडणीत एकाहून अधिक दर निघू शकतात. वरची आज-आणि-शेवटची तुलनाच करा.

आणखी एक गोष्ट सुटते. रक्कम बोलीच्या दिवशी हातात पडत नाही, जामीनदारांची कागदपत्रं पुरी व्हावी लागतात. पाचव्या महिन्याचे पैसे सहाव्यात मिळाले, तर सूत्रात १५ ऐवजी १४ येतात आणि २०.८ चे २२.५ टक्के होतात. जामीन बोलीआधीच तयार ठेवा.